‘अनेकदा सुरू करण्याचा प्रयत्न केला’ हे वाक्य तुमचं आहे का?

प्रश्न : पावसात गाडी पाण्यात बंद पडली, इंजिन जाम झालं. विम्याच्या क्लेमसोबत द्यायचं निवेदन मी एआयकडून लिहून घेतलं, कारण मला असं औपचारिक लिहायला जमत नाही. नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरनी ते वाचलं आणि म्हणाले, ‘हे तुम्ही लिहिलेलं नाही, स्वतःच्या शब्दांत परत लिहून द्या.’ घटना शंभर टक्के खरी आहे. त्यांना कसं कळलं? आणि आता माझा क्लेम अडकेल का?

उत्तर : क्लेम एवढ्यावरून अडकत नाही. निवेदन कुणी लिहिलं यावरून क्लेम नाकारता येत नाही आणि कुठलाही समजूतदार सर्व्हेअर तसं सुचवणारही नाही. पण ‘परत लिहून द्या’ असं ते म्हणाले असतील तर त्यांनी तुमचं भलंच केलं आहे. का, ते सांगतो. मी गेली बावीस वर्षं मोटर क्लेमचे सर्व्हे करतो आहे आणि दर पावसाळ्यात पाण्यात गेलेल्या गाड्या बघतो.

दुसऱ्याने लिहिलेली निवेदनं आमच्या धंद्यात नवीन नाहीत. वर्कशॉपमधला बॉडीशॉपचा माणूस क्लेम फॉर्म भरायचा आणि मालक खाली सही करायचा, हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. त्यातलं ठरलेलं वाक्य प्रत्येक सर्व्हेअरला पाठ आहे : ‘अचानक कुत्रा आडवा आल्याने ताबा सुटला व गाडी डिव्हायडरला धडकली.’ बंपर फुटलेला असो की दार चेपलेलं, कुत्रा ठरलेला. पण ते एकच वाक्य असायचं आणि त्यातून काही कळायचं नाही, म्हणून आम्ही मालकाला फोन लावून खरं काय झालं ते विचारून घ्यायचो. मशीनने लिहिलेल्या निवेदनाची अडचण उलटी आहे. ते दीड पान असतं, त्यात सगळं असतं, आणि त्यातलं बरंचसं तुम्ही सांगितलेलंच नसतं.

तुम्ही मशीनला काय सांगता? ‘पावसात गाडी पाण्यात बंद पडली, इंजिन गेलं, क्लेमसाठी लिहून दे.’ एवढ्यावर ते दीड पान लिहितं. मधली भर कुठून येते? अशा प्रसंगात साधारणपणे जे घडतं त्यातून. मुसळधार पाऊस असतो, दृश्यमानता कमी असते, तुम्ही मर्यादित वेगात आणि सर्व नियम पाळून जात असता, पाण्याची पातळी अचानक वाढते, इंजिनातून विचित्र आवाज येतो, गाडी बंद पडते, तुम्ही ती अनेकदा सुरू करून बघता, मग तिला सुरक्षित ठिकाणी हलवता, छायाचित्रं काढता आणि तत्काळ कंपनीला कळवता. यातलं एकही वाक्य अशक्य नाही, म्हणूनच वाचताना ते तुम्हाला खटकत नाही. मला मात्र खटकतं, कारण हाच मजकूर त्याच महिन्यात मी आणखी चार फायलींत वाचलेला असतो. कोथरूडची गाडी, भिवंडीची गाडी, वसईची गाडी, आणि सगळ्यांची ‘पातळी अचानक वाढली’.

भाषेवरूनही कळतं. रोज गाडी चालवणारा माणूस ‘वाहन’ म्हणत नाही, ‘गाडी’ म्हणतो. ‘पुनःप्रारंभ करण्याचा प्रयत्न’ कुणी करत नाही, ‘सेल्फ मारून बघितला’ म्हणतात. पण भाषेवर मी फार भर देत नाही. शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले लोक, वकील, सगळे कागदावर असंच लिहितात आणि ते त्यांचं स्वतःचं असतं. मजकूर मशीनचा आहे की माणसाचा हे ओळखणारी सॉफ्टवेअर निघाली आहेत, त्यांच्या भरवशावर मी एकही ओळ रिपोर्टमध्ये लिहिणार नाही. ती चुकतात.

मला खटकतं ते तपशिलाचं स्वरूप. खऱ्या माणसाच्या सांगण्यात एक-दोन गोष्टी निरुपयोगी असतात आणि एक-दोन महत्त्वाच्या गोष्टी गायब असतात. ‘पुढच्या टेम्पोची ताडपत्री उडत होती म्हणून मी अंतर ठेवून होतो’ असं तो सांगेल, पण वेळ विचारली तर म्हणेल, ‘साडेसात असतील, की आठ? थांबा, भावाला फोन केला होता, बघतो.’ मशीनच्या निवेदनात याच्या उलट असतं. कंपनी जे विचारेल असं वाटतं त्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्यात असतं आणि ज्याचा क्लेमशी संबंध नाही असं काहीच नसतं. ती उत्तरंही अशी की कुठल्याही गाडीला, कुठल्याही रस्त्याला लागू पडावीत. रस्त्याचं नाव काढून टाकलं तर ते निवेदन कुणाचंही होऊ शकतं.

आता तुमच्याच प्रकारातली एक फाइल सांगतो, म्हणजे यात धोका नेमका कुठे आहे ते दिसेल. ओळख पटेल असं काही सांगत नाही.

पुण्याजवळची पेट्रोल हॅचबॅक, चार वर्षं जुनी. पॉलिसी साधी पॅकेज, इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलेलं नाही. जुलैतल्या एका संध्याकाळी रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात गाडी बंद पडली. निवेदन एक पानभर, अगदी स्वच्छ मराठीत. त्यातली दोन वाक्यं महत्त्वाची होती. एक : ‘रस्त्यावर साधारण दीड फूट पाणी साचलेले होते.’ दुसरं : ‘वाहन बंद पडल्यानंतर मी ते अनेकदा सुरू करण्याचा प्रयत्न केला, परंतु त्यात यश आले नाही.’

पहिल्या वाक्याने मी थबकलो. इंजिन हवा ओढतं ती वरच्या बाजूने. या गाडीत तोंड पुढच्या जाळीमागे, हेडलाइटच्या उंचीला होतं. मी टेप लावून मोजलं, जमिनीपासून सव्वादोन फुटांच्या वर. दीड फूट पाण्यातून हळू गेलं तर तिथपर्यंत पाणी पोहोचायला नको. मग इंजिनात पाणी गेलं कसं? गाडी जोरात घातली, की पाणी दीड फुटापेक्षा जास्त होतं, की नुकसान पाण्याने झालेलंच नाही?

दुसरं वाक्य जास्त घातक होतं. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येताना ते दाबायला जातो. हवा दबते, पाणी दबत नाही. जोर जातो कनेक्टिंग रॉडवर आणि तो वाकतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात. साध्या पॉलिसीत पूर आणि पाणी शिरणं ही जोखीम धरलेली असते, पण त्यामागून ओढवलेलं नुकसान, इंग्रजीत ज्याला कॉन्सिक्वेन्शियल लॉस म्हणतात, ते वगळलेलं असतं. शिवाय पॉलिसीच्या अटींत असं कलम असतं की अपघात किंवा बिघाड झाल्यावर दुरुस्तीआधी गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढलं तर ते मालकाच्या जोखमीवर. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला परत परत सेल्फ मारणं हे कंपन्या याच खात्यात टाकतात. म्हणजे त्या एका वाक्याने मालकाने स्वतःच्या सहीनिशी लिहून दिलं होतं की इंजिनाचं नुकसान मी केलं. इंजिनाचं काम साधारण साठ हजारांचं होतं, आणि क्लेममध्ये मुख्य रक्कम तीच होती.

मी गाडी उघडायला लावली. आधी पाण्याची खूण शोधली. चारही सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघायचे, ही माझी नेहमीची सवय. गाडी धुतली तरी गुंडाळलेल्या पट्ट्यावरची गढूळ रेघ राहते. इथे पट्टे कोरडे होते, गालिचा मात्र खाली ओला होता. म्हणजे आत पाणी आलं होतं पण सीटच्या उंचीला लागलेलं नव्हतं. दीड फूट बरोबर असावं. एअर फिल्टर काढला, कागद भिजून लहरी पडलेला, खालच्या डब्यात वाटीभर मातकट पाणी. म्हणजे पाणी हवेच्याच वाटेने गेलं होतं. स्पार्क प्लग काढून प्रत्येक पिस्टन वर आणून उंची मोजली. तीन सारखे आणि तिसऱ्या नंबरचा जवळपास तीन मिलिमीटर खाली. तोच रॉड वाकलेला.

मग प्रश्न उरला तो वेळेचा. रॉड गाडी चालू असताना वाकला की नंतर सेल्फ मारताना? इंजिनाचं हेड उतरल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या वरच्या कडेची काजळीची रेघ बघितली. वाकलेल्या रॉडने इंजिन बराच वेळ फिरलं तर पिस्टन पूर्वीइतका वर पोहोचत नाही आणि ती रेघ खालच्या बाजूला रुंदावते. इथे रेघ इतर तिघांइतकीच बारीक होती, म्हणजे रॉड वाकला आणि इंजिन तिथेच थांबलं. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला तर `P0303` असा कोड होता, तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. कोडसोबत त्या क्षणाची नोंद गोठवून ठेवलेली असते. त्यात वेग ताशी 14 किलोमीटर आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला 1,900 दिसत होते. पहिल्या गिअरमध्ये हळू चाललेली गाडी. जोरात घातलेली नाही, उभी करून सेल्फ मारतानाची नोंदही नाही. सेल्फची मोटर आणि बॅटरी दोन्ही ठणठणीत होत्या. सेल्फ मारलेला नाही याला ही दोन्ही ठीक असणं हा एकटा पुरावा पुरेसा नसतो, पण बाकीच्यांशी तो जुळत होता.

आता मालकांना समोर बसवलं. निवेदन बाजूला ठेवलं आणि विचारलं, ‘गाडी बंद पडायच्या आधीचं अर्धं मिनिट सांगा.’ ते म्हणाले, ‘मी हळूच चाललो होतो हो. पुढची रिक्षा गेली म्हणून मीपण घातली. मध्यावर आलो आणि समोरून बस आली, तिच्या पाण्याची लाट थेट बॉनेटवरून काचेवर. गाडीने दोन-तीन गचके खाल्ले आणि संपलं.’

सव्वादोन फुटांवर पाणी कसं पोहोचलं याचं हे उत्तर होतं. लाट. सगळ्या क्लेमचा उलगडा करणारी गोष्ट आणि पानभर निवेदनात तिचा उल्लेखही नाही. मशीनला ती माहीत असण्याचं कारणच नव्हतं, कारण त्यांनी ती सांगितलीच नव्हती. त्यांना ती महत्त्वाची वाटली नव्हती.

मग विचारलं, ‘नंतर किती वेळा सेल्फ मारला?’

‘एकदाही नाही. मागे मुलगी बसली होती, ती घाबरून रडायला लागली. मी तिला खांद्यावर घेतलं आणि पाण्यातून चालत बाहेर आलो. गाडी तशीच. चावीपण आतच राहिली होती.’

‘मग हे अनेकदा प्रयत्न केला असं का लिहिलंत?’

त्यांनी कागद हातात घेतला, ते वाक्य वाचलं आणि गप्प झाले. ते त्यांनी लिहिलंच नव्हतं. सही करण्याआधी वाचलं होतं, पण ‘गाडी बंद पडली की माणूस सेल्फ मारणारच’ असं त्यांनाही वाटून गेलं असावं आणि नजर पुढे सरकली. मशीननेही तेच धरून चालून लिहिलं होतं. साधारणपणे घडतं ते लिहिलं, आणि या माणसाच्या बाबतीत साधारण घडलेलं नव्हतं.

त्यांच्याकडून मी लेखी पुरवणी निवेदन घेतलं. त्यात पहिल्या निवेदनातलं कुठलं वाक्य चुकीचं होतं आणि का, हे स्पष्ट लिहायला सांगितलं. टोइंगवाल्याला विचारलं, त्याने सांगितलं की चावी आतच लागलेली होती. रिपोर्टमध्ये मी मोजमापं, कोडची नोंद आणि ही सगळी हकीकत जोडून लिहिलं की नुकसान चालू इंजिनात लाटेचं पाणी थेट शिरल्याने झालं आहे आणि नंतर सेल्फ मारल्याचा पुरावा नाही. घसारा वजा करून कंपनीने इंजिनाचं काम मान्य केलं. प्रत्येक कंपनी करेलच असं नाही, हायड्रोलॉकवर ग्राहक आयोगापर्यंत भांडणं जातात. पण ते वाक्य तसंच राहिलं असतं तर भांडायलाही जागा उरली नसती.

तुमची गाडी पेट्रोल की डिझेल हे तुम्ही लिहिलेलं नाही. डिझेल असेल तर पिस्टनच्या वर जागाच कमी असते, त्यामुळे थोड्या पाण्यानेही रॉड वाकतो. तुमच्याकडे इंजिन प्रोटेक्ट असेल तरी निश्चिंत राहू नका. अशा बऱ्याच ऍड-ऑनमध्ये पाण्यात बंद पडलेलं इंजिन परत सुरू केल्याने वाढलेलं नुकसान वगळलेलं असतं. तुमच्या पॉलिसीचं ते पान काढून वाचा आणि मग स्वतःचं निवेदन त्याच्या शेजारी ठेवून वाचा. ‘अनेकदा प्रयत्न केला’ किंवा तशा अर्थाचं वाक्य आहे का, हे आधी बघा. असेल आणि खरं असेल तर ते राहू द्या, लपवू नका. इंजिन उघडलं की बहुतेक वेळा कळतंच. खरं नसेल तर आजच दुरुस्त करा.

दुरुस्त करायचं म्हणजे जुना कागद गुपचूप बदलून नवा देणं नव्हे. पहिला कागद फाइलला लागलेला आहे. ‘अमुक तारखेला दिलेल्या निवेदनाचा मसुदा मी एआयकडून करून घेतला होता, त्यातली ही ही विधानं माझी नाहीत, प्रत्यक्षात असं घडलं’ असं सरळ लिहून सही करा. माझ्या अनुभवात असा कागद देणाऱ्यावर कुणी संशय घेत नाही. संशय येतो तो दोन वेगळी निवेदनं आणि त्याचं कारण कुठेच नाही, अशा फाइलवर.

लिहिताना सुरुवात गाडीपासून करू नका, तुमच्यापासून करा. कुठून निघालात, कुठे चालला होतात, सोबत कोण होतं, पुढे कुठली गाडी होती. पाणी फुटात सांगायचा आग्रह धरू नका. ‘पुढच्या रिक्षाचं चाक अर्धं बुडालेलं दिसत होतं’ किंवा ‘दार उघडल्यावर पाणी आत आलं’ हे माझ्यासाठी ‘दीड फुटा’पेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण चाकाचा मापदंड मी स्वतः लावू शकतो. वेळ आठवत नसेल तर फोनच्या कॉल यादीतून काढा. घरी फोन केला असेल, टोइंगला केला असेल, त्या वेळा तिथे आहेत. फोटो काढले असतील तर मूळ फोटो जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत फोटो कधी काढला ही नोंद राहत नाही. आणि जे आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’ असंच लिहा. ते वाक्य मशीनने लिहिलेल्या निवेदनात मला आजवर दिसलेलं नाही, आणि खऱ्या माणसाच्या निवेदनात ते कुठेतरी येतंच.

यंत्राची मदत अजिबात घेऊ नये असं मी म्हणत नाही. ज्यांना लिहायची सवय नाही, किंवा ज्यांची मराठी बोलीची आहे आणि फॉर्म इंग्रजीत आहे, त्यांना आधार वाटतो हे मी समजू शकतो. फक्त क्रम बदला. आधी जसं आठवतं तसं, वेड्यावाकड्या भाषेत, सगळं बोलून किंवा लिहून काढा. मग ते इंग्रजीत करायला किंवा शुद्धलेखन बघायला द्या. आणि परत आलेल्या मजकुरातल्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारा, हे मी सांगितलं होतं का? नसेल तर ते खोडा, कितीही पटण्यासारखं असलं तरी. पटण्यासारखं असेल तर जास्तच काळजीने बघा, कारण तिथूनच नजर पुढे सरकते.

खोटा क्लेम करणारेही हेच यंत्र वापरतात आणि त्यांचा मजकूरही असाच दिसतो, हे खरं आहे. मग फरक कसा करायचा, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. कागदावरून होत नाही, समोर बसल्यावर होतो. मागच्या वर्षी एका फायलीत ‘समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रखर दिव्यांमुळे डोळे दिपले’ असं लिहिलं होतं. रस्ता दुभाजकाचा, दुभाजकावर छातीएवढी कण्हेर, पलीकडचे दिवे दिसत नाहीत. मी स्पॉटवर रात्री जाऊन बघितलं. मालकाला विचारलं तर तो तेच वाक्य परत बोलला, जवळपास शब्दशः. तिसऱ्यांदा वेगळ्या तऱ्हेने विचारलं तरी ‘प्रखर दिवे’. खरं घडलेलं असेल तर माणूस पहिल्याच प्रश्नाला कागद सोडून देतो, हातवारे करायला लागतो, ‘अहो तसं नव्हे’ म्हणतो. पाण्याच्या लाटेची गोष्ट सांगताना त्या गृहस्थांनी टेबलावर हाताने बस दाखवली होती.

तेव्हा सर्व्हेअर परत बोलावतील तेव्हा निवेदन पाठ करून जाऊ नका. ते विचारतील ते सांगा, आणि जाण्याआधी वर्कशॉपला फोन करून एवढं नक्की सांगून ठेवा की सर्व्हेअर येईपर्यंत एअर फिल्टर फेकायचा नाही आणि स्कॅनर लावून कोड पुसायचे नाहीत. बरेच मेकॅनिक गाडी आली की आधी हीच दोन कामं उरकतात.